एक तारखेपासून म्हणे नवा नियम!

अफवेला पूर्वी पाय असत, आता तिला तारीखही असते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणारे ‘पुढील महिन्यापासून नवा नियम’ या छापाचे संदेश बघा. त्यात एक आकडा असतो, एक मर्यादा असते आणि महिन्याची पहिली तारीख असते. सगळेच धादांत खोटे असते तर काम सोपे होते. पण आपल्याकडे कितीतरी नियम खरोखरच १ एप्रिलपासून लागू होतात आणि या संदेशांतले आकडेही पुष्कळदा खरे असतात. खोटे असते ते वाक्य. मग असे वाक्य तपासायचे तरी कसे?

याचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण मार्च २०२३ च्या अखेरचे आहे. आमच्या ग्रुपवर आत्याने पुढे पाठवलेला संदेश आला की, १ एप्रिलपासून यूपीआयने दोन हजारांवर पैसे दिले तर १.१ टक्के शुल्क कापले जाणार, सर्वांना कळवा. तासाभरात घरात धोरणे बदलू लागली. काकांनी महिनाभराच्या खर्चाची रोख रक्कम बँकेतून काढून घरात ठेवायचे ठरवले. थोरल्या वहिनी घरीच शिवणकाम करतात आणि लग्नसराईच्या ऑर्डरी तेव्हा हातात होत्या. त्यांनी दुकानातली स्कॅन करायची पाटी काढून ‘फक्त रोख’ असे लिहायचा बेत केला. म्हणजे कुणी पैसे बुडवायच्या आतच आमच्या घरात नुकसान सुरू होणार होते.

मी आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, “अरे, टीव्हीवरही दाखवतायत की! मी काय मनाचं सांगतेय?” तिचे म्हणणे रास्त होते. बातम्यांचे मथळेही त्या दिवसांत असेच गोंधळात टाकणारे होते. अशा वेळी आणखी दहा ठिकाणी तीच बातमी वाचून काही साधत नाही, कारण दहाही जण एकाच मूळ कागदावरून बोलत असतात. तेव्हा पहिले काम म्हणजे तो कागद शोधणे. यूपीआयची यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते. तिचे परिपत्रक २४ मार्च २०२३ चे होते. आणि गंमत अशी की, संदेशातले तिन्ही आकडे त्यात होते. दोन हजारांची मर्यादा होती, १.१ टक्के होते आणि १ एप्रिलही होती. केवळ आकडे पडताळून जो थांबला असता, त्याने संदेशावर खरेपणाचे शिक्कामोर्तब करून टाकले असते.

म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो. कोण, कुणाला, कशासाठी देणार? कुठल्याही नियमाच्या वाक्यात कर्ता आणि कर्म असतात आणि पुढे पाठवताना नेमके तेच गळतात. ते परिपत्रक वॉलेटविषयी होते. वॉलेट म्हणजे ज्यात आपण आधी पैसे भरून ठेवतो आणि मग त्यातून खर्च करतो ते मोबाइलमधले पाकीट. अशा पाकिटातून यूपीआयमार्गे व्यापाऱ्याला दोन हजारांहून अधिक रक्कम दिली, तर व्यापाऱ्याच्या बाजूच्या बँकेने पाकीट देणाऱ्या कंपनीला किती मोबदला द्यायचा, हे त्यात ठरवले होते. त्या मोबदल्याला इंटरचेंज म्हणतात. १.१ टक्के ही त्याची कमाल होती. पेट्रोल, शिक्षण, विमा अशा काही प्रकारांसाठी दर त्याहून कमी होते.

उदाहरण घेऊ. समजा, काकांनी मोठ्या दुकानातून तीन हजारांचा मिक्सर वॉलेटमधल्या पैशांनी घेतला. काकांचे जाणार तीन हजारच. व्यापाऱ्याच्या बाजूच्या बँकेने वॉलेट कंपनीला द्यायचे फार तर तेहतीस रुपये. ती बँक हा भार पुढे आपल्या व्यापाऱ्यावर टाकू शकते, हे खरे. म्हणून बड्या दुकानदाराने चौकशी करणे योग्यच होते. पण वहिनींसारख्या छोट्या विक्रेत्यांचा, ज्यांना यूपीआयच्या भाषेत निराळ्या गटात धरतात, त्यांचा व्यवहार आणि व्यक्तीने व्यक्तीला पैसे पाठवण्याचा व्यवहार या आकारणीतून वगळलेला होता. आणि काका तर वॉलेट वापरतच नाहीत. त्यांचे पैसे थेट बँक खात्यातून जातात. त्या मार्गाला परिपत्रकाने हातही लावला नव्हता.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. समजा, कुणाला खात्यातून जाणाऱ्या यूपीआयवर शुल्क बसवायचेच होते, तर ते परिपत्रकाने बसवता आले असते का? नाही. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१९ मध्ये १०अ हे कलम घातले गेले. विहित इलेक्ट्रॉनिक मार्गांनी पैसे देणाऱ्यावर वा घेणाऱ्यावर बँकेने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क लावू नये, असे ते सांगते. जानेवारी २०२० पासून त्या मार्गांत यूपीआय होते. कायद्याने बंद केलेले दार परिपत्रकाने उघडत नाही. ते उघडायचे तर राजपत्रात काहीतरी छापावे लागते आणि ते egazette.gov.in वर कुणालाही पाहता येते.

२९ मार्चला कॉर्पोरेशनने स्वतःच खुलासा केला. खात्यातून खात्यात जाणारे यूपीआय व्यवहार मोफतच राहतील, ग्राहकाला काही द्यावे लागणार नाही आणि यूपीआयचे ९९.९ टक्के व्यवहार याच प्रकारचे आहेत, असे त्यात होते. पण खुलाशात घाबरण्यासारखे काही नसते, म्हणून तो पुढे पाठवला जात नाही. तो कुणीतरी ग्रुपवर नेऊन ठेवावा लागतो.

तो कसा ठेवावा, यालाही महत्त्व आहे. ‘हे खोटे आहे’ एवढेच लिहिले असते, तर कुणीतरी परिपत्रकाचे छायाचित्र टाकून मलाच खोटे पाडले असते. मी लिहिले, “आत्या, परिपत्रक खरं आहे, पण ते वॉलेट कंपन्या आणि बँका यांच्यातलं आहे. काकांच्या खात्यातून काही कापलं जाणार नाही. वहिनी, तुमची पाटी राहू द्या.” खाली खुलाशाचा दुवा दिला. आत्याने ते तिच्या भिशीच्या ग्रुपवर पाठवले. ज्या वाटेने संदेश आला, त्याच वाटेने उत्तर गेले. पाठवणाऱ्याला उघडे पाडले असते, तर ती वाट बंद झाली असती.

मात्र एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. तपासणी त्या तारखेपुरती असते. एप्रिल २०२५ मध्ये तोच दोन हजारांचा आकडा नवे कपडे घालून आला. या वेळी म्हणे यूपीआयवर जीएसटी! १८ एप्रिल २०२५ रोजी अर्थ मंत्रालयाने ते निराधार ठरवले. कारण साधे होते. जीएसटी लागतो तो शुल्कावर आणि तिथे शुल्कच नव्हते. पण ते उत्तर मला २०२३ च्या आठवणीतून देता आले नसते. कायदा मधल्या काळात बदलूही शकतो. शुल्क आणावे की नाही, यावर चर्चा होतच असते आणि चर्चेची बातमी म्हणजे नियम नव्हे. म्हणून पुन्हा कागद काढायचा, त्यावरची तारीख बघायची आणि कोण कुणाला देणार आहे ते वाचायचे. दहा मिनिटांचे काम आहे. काकांना बँकेत रांग लावून पैसे काढायला याहून जास्त वेळ लागला असता.