करार अशक्य झाला म्हणजे नेमकें काय झालें?

2020 सालीं गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच तारखेपासून सगळ्या देशावर टाळेबंदी आली. पनवेलींत काय किंवा अन्यत्र काय, वैशाखांतले मुहूर्त धरून ज्यांनीं मंगल कार्यालयें ठरविलीं होतीं, त्या घरांतून एकच प्रश्न निघाला. विसार दिलेला आहे, पावती हातांत आहे, कार्य मात्र होऊं शकत नाहीं. मग पैशांचें काय? कार्यालयाचे मालक म्हणत, यांत आमचा काय दोष? वधूपिता म्हणे, मग माझा तरी कोणता? दोघांचेंही म्हणणें खरें होतें. दोष कोणाचाच नसतां करार मोडून पडतो, तेव्हां जी व्यवस्था लावावी लागते तिला वकील मंडळी ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. आपण तिला करार निष्फल होणें असें म्हणूं.

आपल्याकडे हा विषय 1872 च्या करार कायद्याच्या 56 व्या कलमांत आहे. करार झाल्यावर ठरलेली गोष्ट करणें अशक्य झालें, किंवा वचन देणाऱ्यास टाळतां न येण्याजोग्या घटनेनें तें बेकायदेशीर झालें, तर त्या वेळेपासून तो करार निरर्थक होतो, एवढेंच तें कलम सांगतें. सगळा वाद ‘अशक्य’ या एका शब्दाचा आहे. ज्याला वचन पाळणें जड जातें त्याला तें अशक्यच वाटूं लागतें, हा मनुष्यस्वभाव आहे. न्यायालयाला तो मान्य करतां येत नाहीं.

या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें 1953 सालीं सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगुर या खटल्यांत लावून दिला, आणि अजूनही वकील तेथूनच सुरुवात करतात. कलकत्त्यास एका कंपनीनें मोठी जागा घेऊन तिचे घरांसाठीं तुकडे पाडले होते. 1940 च्या ऑगस्टांत एका गृहस्थांनीं 101 रुपये विसार देऊन एक तुकडा ठरविला. कंपनीनें रस्ते व गटारें बांधावीं आणि तें काम पुरें झाल्यावर उरलेली रक्कम घेऊन खरेदीखत करून द्यावें, असा करार होता. पुढें 1941 च्या नोव्हेंबरांत त्या जमिनीचा बराच भाग सरकारनें युद्धकार्यासाठीं ताब्यांत घेतला. कंपनीनें 1943 सालीं कळविलें कीं, आतां करार संपला; विसार परत न्या, नाहीं तर बाकीचे पैसे आतां भरून युद्ध संपेपर्यंत वाट पाहा. त्या गृहस्थांच्या जागीं आलेल्या घोषांनीं दोन्ही नाकारलें आणि दावा लावला. उच्च न्यायालयांत कंपनी जिंकली, सर्वोच्च न्यायालयांत घोष.

त्या निकालांत दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींना तोलून धरतात. पहिली कंपनीसारख्यांना बरी वाटेल अशी: ‘अशक्य’ म्हणजे केवळ शरीरानें अशक्य नव्हे. एखाद्या घटनेनें कराराचा पायाच उखडला गेला, दोघांनीं ज्या हेतूनें करार केला तो हेतूच उरला नाहीं, तर गोष्ट करतां येण्यासारखी असूनही कायद्याच्या दृष्टीनें ती अशक्यच. दुसरी गोष्ट मात्र कंपनीच्या विरुद्ध गेली. करारांत रस्ते किती दिवसांत बांधावे याची मुदत घातलेली नव्हती. करार झाला तेव्हां युद्ध चालूच होतें, तेव्हां साहित्य व माणसें मिळण्यांत अडचणी येतील हें दोघांस ठाऊक होतें. आणि सरकारचा ताबा तात्पुरता होता. खोळंबा झाला, पण पाया ढळला नाहीं. युद्धानंतर जमिनींचे भाव चढतात हें लक्षांत घेतलें, म्हणजे करार संपल्याचें कंपनीला इतक्या लवकर कां वाटलें असावें, याचा तर्क वाचकांनींच करावा.

आतां आपल्या जवळचें उदाहरण घेऊं. पनवेल तालुक्यांतील कळंबोलीची लोखंड-पोलादाची पेठ वाचकांपैकीं बहुतेकांना ठाऊक आहे. अशाच मालाचा वाद टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यांत मुंबई उच्च न्यायालयापुढें आला. स्टँडर्ड रिटेल व आणखी कांहीं आयातदारांनीं दक्षिण कोरियाहून पोलादी माल मुंबईस मागविला होता. अशा व्यापारांत विकणारा व घेणारा एकमेकांना पाहतही नाहींत, म्हणून पैशांची हमी बँक घेते: माल जहाजावर चढल्याचीं ठरलेलीं कागदपत्रें दाखविलीं, कीं बँकेनें विक्रेत्यास पैसे द्यावयाचे. या हमीपत्रास लेटर ऑफ क्रेडिट म्हणतात. आयातदार न्यायालयास म्हणाले, टाळेबंदीमुळें करार निष्फल झाले आहेत, तरी बँकेला पैसे देण्यापासून थांबवा.

8 एप्रिल 2020 रोजीं न्यायालयानें तूर्त मनाई देण्याचें नाकारलें. त्याचीं कारणें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. बँकेची हमी हा स्वतंत्र व्यवहार आहे. मूळ करारांतील भांडणाशीं बँकेचा संबंध नाहीं. करारांत दैवी अथवा राजकीय आपत्तीचें कलम होतें खरें, पण तें शब्दशः फक्त विक्रेत्याच्या बचावासाठीं लिहिलेलें होतें. घेणाऱ्याला त्याचा आधार नव्हता. विक्रेत्यानें माल रवाना करून आपला वाटा उचललेला होता. पोलादाची वाहतूक व बंदराचें काम हीं तर सरकारच्याच आदेशांनीं आवश्यक सेवांत धरलीं होतीं, म्हणजे माल उतरविण्यास बंदी नव्हतीच. शेवटीं, टाळेबंदी थोड्या मुदतीची होती. आयातदारांचीं पुढचीं गिऱ्हाइकें माल उचलणार नाहींत, तोटा होईल, हें सारें खरें असेल. पण तो तोटा कोरियाच्या विक्रेत्यावर कां टाकावा?

आमच्या मतें या निकालाचा गाभा त्या शेवटच्या प्रश्नांत आहे. घेणाऱ्याचें कर्तव्य काय होतें? पैसे देणें. आणि पैसे देणें बहुधा कधींच अशक्य होत नाहीं. फक्त कठीण होतें. महागाईचेंही तसेंच. फौजेला तूप पुरविणाऱ्या अलोपी प्रसाद या पेढीनें, दुसऱ्या महायुद्धामुळें परिस्थिती पार बदलली म्हणून ठरल्यापेक्षां अधिक मोबदला मिळावा, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयानें 1960 सालीं तो मान्य केला नाहीं. ठरलेल्या दरांत परवडत नाहीं म्हणून कोणी करारांतून सुटत नाहीं.

मंगल कार्यालयाची गोष्ट निराळी आहे, आणि ती कां निराळी हें पाहण्यासाठीं लंडनचे दोन जुने खटले उपयोगी पडतात. 26 जून 1902 ला सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक निघावयाची होती. एका गृहस्थानें ती पाहण्यासाठीं रस्त्यावरच्या घरांतील खोल्या दोन दिवसांकरितां 75 पौंडांना घेतल्या व 25 पौंड आगाऊ दिले. राजा आजारी पडला, मिरवणूक लांबली. खोल्या जागेवर होत्या, पण त्या घेण्याचें कारण गेलें. न्यायालयानें उरलेले 50 पौंड त्याच्याकडून देवविले नाहींत. त्याच सुमारास दुसऱ्या एकानें आरमाराची पाहणी बघण्यास व आरमाराभोंवतीं फेरी मारण्यास एक आगबोट भाड्यानें घेतली होती. पाहणी रद्द झाली, परंतु आरमार तेथेंच उभें होतें. फेरी मारतां आली असती. त्याला सुटका मिळाली नाहीं. हेतु समूळ गेला कीं अर्धा उरला, एवढाच काय तो फरक.

टाळेबंदी ऐन कडक असतांनाचा मुहूर्त असेल, तर समारंभ करणेंच कायद्याविरुद्ध होतें. विवाहाची तारीख हीच कराराची नाडी, म्हणून तो करार 56 व्या कलमाखालीं संपला असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं. मे 2020 मध्यें केंद्र सरकारनें विवाहास पन्नास माणसांपर्यंत परवानगी दिली, तेव्हां प्रश्न अवघड झाला. कार्यालय उघडण्यास मोकळीक असेल आणि चारशें पानांचा बेत पन्नासांवर आला असेल, तर ही मिरवणुकीची गोष्ट कीं आगबोटीची? चारशें पानांसाठींच मोठें दालन घेतलें हें पावतीवरून दिसत असेल, तर यजमानाची बाजू आम्हांस अधिक सबळ वाटते. नुसतें ‘विवाहासाठीं’ लिहिलें असेल, तर नाहीं. माणूस पन्नास असला तरी लग्न लागतेंच.

करार संपला, तरी घेतलेले पैसे कोणाचे? याचें उत्तर 65 व्या कलमांत आहे: निरर्थक ठरलेल्या कराराखालीं ज्याला लाभ झाला त्यानें तो परत करावा. कायद्यानें स्वतःच गायकाचें उदाहरण दिलें आहे. बैठकीसाठीं हजार रुपये आगाऊ घेतलेला गायक आजारी पडला, तर यजमानाचा जो नफा बुडाला तो त्यानें भरून देण्याचें कारण नाहीं, पण हजार रुपये त्यानें परत केले पाहिजेत. कार्यालयासही हीच मोजपट्टी. विसार परत, निमंत्रणपत्रिका फुकट गेल्या, पाहुण्यांचीं तिकिटें वाया गेलीं, याचा भुर्दंड मालकावर नाहीं. दुसरी तारीख देऊं करणें हा मालकाचा चांगुलपणा आहे. ती घ्यावी कीं नाहीं हें यजमानानें ठरवावें.

येथें पावतीच्या पाठीमागचीं बारीक अक्षरें वाचावीं लागतात. करारानेंच एखाद्या आपत्तीची सोय लावून ठेवली असेल, तर 56 वें कलम बाजूस राहतें आणि ती सोयच चालते. पण ‘तारीख रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाहीं’ एवढेंच छापलें असेल, तर तें यजमानानें आपण होऊन तारीख सोडल्यासंबंधीं आहे. सरकारच्या मनाईनें कार्य बंद पडलें, त्यांत रद्द कोणी केलें? अशा वाक्याचा फायदा मालकास सहजासहजीं मिळूं नये, असें आमचें मत आहे. दोन्ही पक्षांनीं पावतीवर माणसांची संख्या आणि सरकारी मनाई झाल्यास पैशांची वाटणी, या दोन ओळी लिहून घेतल्या, तर पुढचा पुष्कळसा पत्रव्यवहार वांचतो.

एक सूचना दुकानभाड्याविषयीं. टाळेबंदींत दुकान बंद होतें म्हणून भाडें माफ, असा समज पुष्कळांचा झाला होता. परंतु भाडेपट्टा एकदां होऊन जागेचा ताबा मिळाला, म्हणजे 56 वें कलम त्यास लागत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 1968 सालींच ठरवून ठेवलें आहे. आग, पूर किंवा तशाच प्रकारानें जागाच कायमची निरुपयोगी झाली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें पट्टा संपविण्याचा अधिकार भाडेकरूस मिळतो; दार कांहीं महिने बंद राहिलें, एवढ्यानें मिळत नाहीं. भाडेकरूनें अशा वेळीं आपल्या पट्ट्यांत भाडें थांबविण्याचें कलम आहे काय, हें आधीं पाहावें, आणि नसेल तर मालकाशीं बोलणें लावावें.