भांडण दोघांचं, भुर्दंड क्लायंटला?

ऑफिसमधल्या सहकाऱ्याशी प्रेम जुळणं हा गुन्हा नाही. अडचण सुरू होते ती घरचा रुसवा फाइलपर्यंत पोहोचला की.

समजा, नौपाड्यात आठ जणांचं एक सीए ऑफिस आहे. ती जीएसटीचं विवरणपत्र तयार करते, तो तपासतो. १८ तारखेच्या रात्री दोघांचं बिनसतं. १९ला ती फाइल पाठवते, तो उघडतच नाही. मासिक GSTR-3B भरण्याची मुदत २० तारखेची. ती हुकली आणि कर भरायचा असेल, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. हे सगळं क्लायंटच्या नावावर.

म्हणून नातं जुळलं की मालकाला सांगून तपासणी तिसऱ्याकडे सोपवणं शहाणपणाचं. एकमेकांच्या रजा, पगारवाढही दोघांच्या हाती नसावी. फाइलबद्दलचं बोलणं ऑफिसच्या ग्रुपवर, बाकीचं ठाणे स्टेशनच्या वाटेवर.

नातं तुटलं, तर मात्र प्रश्न रुसव्याचा उरत नाही. तिने नको म्हटल्यावरही लैंगिक स्वरूपाचे मेसेज किंवा मागण्या सुरू राहिल्या, तर तो २०१३च्या कायद्यानुसार छळ ठरतो. 'आधी आमचं होतं' ही सबब तिथे चालू नये. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या अशा ऑफिसात अंतर्गत समिती नसते, तेव्हा ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची.