संमेलनापासून संमेलनापर्यंत

कॉटन ग्रीनला वर्ष एक नाही, तीन-चार आहेत. स्टेशनासमोर कॉटन एक्स्चेंजची जी भव्य इमारत उभी आहे, तिच्या हिशेबाने कापसाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३० सप्टेंबरला संपते. बँकेचे आणि सरकारचे वर्ष १ एप्रिलला उगवते. जुन्या वळणाचा दुकानदार दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडतो, आणि चाळीतल्या आजीबाई अजून चैत्रापासून महिने मोजतात. याच वस्तीतल्या शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्यावर, नव्या छत्रीच्या वासाबरोबर सुरू होते.

हे सांगण्याचे कारण असे की, डिसेंबर महिना जवळ आला म्हणजे गिरणगावातल्या शाळांतून वार्षिक स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते, आणि एका गरीब जिवावर ‘वर्षाचा आढावा महिन्या-महिन्याने घेणारे भाषण’ लिहिण्याचे काम पडते. मराठी शिकवणारा माणूस म्हणून असे दोन-चार कागद दरसाल माझ्याकडेही ‘जरा भाषा बघून द्या’ म्हणून येतात. भाषा बघण्याची वेळ पुढे येते. आधी पाहावे लागते ते हे, की या भाषणातले वर्ष कोणाचे?

बहुतेक भाषणे जूनपासून निघतात. शाळा जूनला उघडते, तेव्हा हे स्वाभाविक वाटते. पण संमेलन असते डिसेंबरात. मग जून ते डिसेंबर असे सातच महिने हाती लागतात, आणि मागच्या संमेलनानंतरचे जानेवारी ते मे हे पाच महिने दोन संमेलनांच्या मधल्या फटीत पडून कायमचे हरवतात. त्या पाच महिन्यांत काय काय होते पाहा! ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारीचे संचलन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, दहावीचा निरोप समारंभ, परीक्षा आणि शेवटी निकाल. गेल्या वर्षी याच मांडवात नाचलेली दहावीची मुले बोर्डाला बसली, पास झाली आणि निघून गेली, त्यांचा उल्लेख कोण करणार? म्हणून या भाषणाचे वर्ष संमेलनापासून संमेलनापर्यंत धरावे. जानेवारीत निघावे आणि डिसेंबरात, ज्या मांडवात आपण उभे आहोत तिथे, येऊन थांबावे.

असे केले की एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. वाटेत जून लागतो आणि सगळी शाळा एक पायरी वर सरकते. फेब्रुवारीत वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी तेव्हा सातवीत होती, आज ती आठवीत आहे. भाषणात ‘इयत्ता सातवीची विद्यार्थिनी’ म्हटले की मागच्या बाकांवरून मुले खुसखुसतात, आणि पोरगी बिचारी खाली मान घालते. ‘तेव्हाची सातवी, आताची आठवी’ असे चार शब्द घातले की काम भागते. जूनच्या आधीच्या प्रत्येक मुलापुढे त्याची आजची इयत्ता लिहिली आहे की नाही, हे मसुदा पुरा झाल्यावर एकदा बोट ठेवून तपासावे.

दुसरी तपासणी तारखांची. मागच्या वर्षीचा कागद काढून त्यावरचा सन तेवढा बदलण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. हा लबाडपणा बाकी कुठे खपला तरी आपल्या पंचांगापुढे खपत नाही. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला आली. २०२५ साली तर सरळ ऑगस्टात, २७ तारखेला. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला, म्हणजे शाळा नुकती उघडली असताना, होऊन गेली, आणि पुढच्या वर्षी १७ जुलैला आली. तिथी दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की उडी मारून पुढे जातात. दिवाळी हलली की सहामाही परीक्षा आणि सुट्टी दोन्ही हलतात. १५ ऑगस्ट आणि १४ नोव्हेंबर जागचे हलत नाहीत, पण गणपती, दिंडी, दहीहंडी यांचा महिना दर वर्षी नव्याने पाहावा लागतो. लालबागच्या शेजारी राहणाऱ्या माणसांसमोर गणपतीचा महिना चुकवून चालेल काय? यासाठी आठवणीवर विसंबू नये. शाळेची सूचनावही आणि हजेरीपट हे दोन ग्रंथ समोर घेऊन बसावे.

आता वेळेचा हिशेब. ध्वनिक्षेपकासमोर सावकाश, ऐकू जाईल असे बोलणारा माणूस मिनिटाला सुमारे १०० शब्द बोलतो. पडद्यामागे पहिलीतली फुलपाखरे पंख लावून ताटकळत असतात, म्हणून आठ मिनिटांपलीकडे जाणे हा अत्याचार होय. म्हणजे ८०० शब्द. त्यातले दीडशे पाहुण्यांच्या स्वागतात आणि आभारात जातात. उरले ६५०. ते बारा महिन्यांना सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५४ येतात, आणि ५४ शब्दांत फक्त यादी होते, सांगणे होत नाही. त्यापेक्षा चार महिने निवडावेत, त्यांना शंभर-शंभर शब्द द्यावेत आणि उरलेल्या आठांना तीस-तीस. बेरीज ६४० होते. एप्रिल-मेला काही घडले नसेल तर ‘एप्रिलमध्ये परीक्षा झाल्या आणि मेमध्ये वर्गांना कुलपे लागली’ एवढे एक वाक्य पुरे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बाराही महिने येतात, पण ते पुस्तक आहे, तिथे प्रत्येक महिन्याला स्वतंत्र लेख देण्याची ऐसपैस जागा आहे. आपल्यापाशी आठ मिनिटे आहेत.

आणि आता भाषा. माझ्याकडे येणाऱ्या कागदांतला जुलै साधारणपणे असा असतो : ‘जुलै महिन्यात आषाढी एकादशीनिमित्त दिंडी काढण्यात आली. वृक्षारोपणाचा कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला. तसेच लोकमान्य टिळक जयंती साजरी करण्यात आली.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. पण ‘करण्यात आली’ ही सरकारी परिपत्रकातली रचना आहे, आणि तिचा गुण असा की कोणी केले हे सांगावे लागत नाही. परिपत्रकात तो गुणच असेल. संमेलनात तो मोठा दोष होतो. समोर बसलेला बाप अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला आहे, तो ‘कोणी केले’ हे ऐकायलाच. कर्ता गाळला की त्याचा मुलगाच गाळला जातो.

समजा, हाच जुलै असा लिहिला : ‘जुलैत पाचवीच्या मुलांनी आषाढीची दिंडी काढली. स्टेशनाच्या जिन्यापर्यंत जायचे ठरले होते. पण पाऊस असा आला की दिंडी कोपऱ्यावरूनच परतली. विठोबा झालेला मुलगा मात्र कमरेवरचे हात न काढता तसाच भिजत शाळेत आला. आठवी ब ने अंगणात पाच रोपे लावली. तीन जगली आहेत, आणि त्यांना पाणी घालणाऱ्या मुली आज स्वागतगीतात आहेत.’ शब्द फार वाढले नाहीत. टिळक जयंती गळली, तिला दुसऱ्या वाक्यात जागा मिळेल. पण आता मांडवात निदान दहा माणसे तरी शेजाऱ्याला कोपराने ढोसून ‘तो आमचा!’ म्हणतील. आणि ‘तीन जगली’ म्हटल्यामुळे बाकी अहवालावरही विश्वास बसतो. सगळेच उत्साहात पार पडले असे सांगणाऱ्याचे कोणी खरे मानत नाही.

कधी कधी महिना आपण निवडत नाही, तोच आपल्याला निवडतो. २६ जुलै २००५ च्या मंगळवारी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या आणि मुंबईतली कितीतरी मुले रात्रभर शाळांतूनच राहिली. त्या वर्षीच्या डिसेंबरात ज्याने जुलैला वृक्षारोपण सांगितले असेल, त्याचे भाषण कोणी ऐकले नसेल. अशा वर्षी बाकीच्या अकरा महिन्यांनी निमूटपणे सरकून जागा द्यावी.

याहून अवघड महिने असे असतात की जे एका दिवसात घडत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. शाळेच्या सूचनावहीत अशा गोष्टी सापडत नाहीत, हजेरीपटात सापडतात. घर चालेना म्हणून कुटुंबे कोकणात, घाटावर गेली. मुलाचा दाखला काढला जाई आणि हजेरीपटात त्याच्या नावावर लाल शाईची रेघ ओढली जाई. आज गिरण्या नाहीत; चाळी पाडून मनोरे उठत आहेत, आणि भाड्याच्या खोलीतले कुटुंब बदलापूरला नाहीतर विरारला जाते. रेघ तीच असते. माझ्या वाचनात आलेल्या मसुद्यांत या रेघेचा महिना कोणी लिहिलेला नाही. सप्टेंबरात क्रीडास्पर्धा असते, ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिन असतो. पण दोन महिन्यांच्या मध्ये दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा नाहीसा झाला, हे वर्गातल्या चाळीस मुलांना ठाऊक असते आणि भाषणाला नसते.

त्याला फार शब्द लागत नाहीत. हजेरीपटावरून त्या नावांची मोजदाद करावी आणि ज्या महिन्यात सर्वांत जास्त रेघा पडल्या त्या महिन्यात एवढेच म्हणावे की, ‘या वर्षात आपल्या शाळेतून इतकी मुले दुसरीकडे राहायला गेली, त्यांतली काही आज पाहुणे म्हणून आली आहेत, त्यांनी मागे उभे न राहता आपापल्या वर्गात जाऊन बसावे.’ कारण सांगू नये. कोणाच्या घरचे दारिद्र्य व्यासपीठावरून वाचून दाखवायचे नसते. नावेही घेऊ नयेत. ज्यांना कळायचे त्यांना कळते. आणि संमेलनाच्या आठ दिवस आधी त्या मुलांच्या घरी निमंत्रण गेले आहे, याची खात्री करून मगच हे वाक्य कागदावर ठेवावे.

शेवटी डिसेंबर. इथे पुष्कळ भाषणे संपता संपत नाहीत. ‘भविष्यातील वाटचाल’ म्हणून तेरावा महिना सुरू होतो. त्याची गरज नाही. डिसेंबरात भरती ओसरली की शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी उतरलेले दिसतात, आणि मांडवात मुले रंग लावून बसलेली असतात. ‘डिसेंबरात आम्ही हे बसवले’ असे म्हणावे आणि पडदा वर करायला सांगावे. फुलपाखरांचे पंख तोवर एका बाजूने सुटायला लागलेले असतातच.