वाचनपीठावरची दहा वर्षे



2015 च्या आगमनकाळात आमच्या फादरांनी वाचकांची यादी माझ्याकडे दिली. रविवारी पहिले वाचन कोणी करायचे, दुसरे कोणी, स्तोत्र कोणी म्हणायचे, एवढेच काम. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात हे तुम्हांला ठाऊकच आहे: एक वर्ष मत्तयाचे, एक मार्कचे, एक लूकचे. मी सुरुवात केली ती लूकच्या वर्षाने. आता 2025 संपताना लूक चौथ्यांदा येऊन गेला. म्हणजे तोच उतारा त्याच पीठावरून वेगवेगळ्या तोंडून तीन-चार वेळा ऐकण्याची संधी मला मिळाली. त्यातून माझे एक मत बनले आहे, आणि ते बनायला माझ्याच चुका कारण झाल्या.

इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातला तिसऱ्या ते चौदाव्या ओवीचा उतारा घ्या. मार्कच्या वर्षी जुलैत तो दुसरे वाचन म्हणून येतो. मूळ ग्रीकमध्ये हे सगळे एकच वाक्य आहे, दोनशेच्या आसपास शब्दांचे. मराठीत त्याचे तुकडे केलेले असतात, तरी वाक्ये लांबच राहतात, आणि आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते. देवाने काय केले हे कळायला ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते. तोवर वाचणाऱ्याचा दम चुकीच्या जागी तुटला, तर हाती काहीच लागत नाही.

2018 साली हा उतारा आमच्याकडे एका तरुणाने वाचला. शनिवारी रात्री मी त्याला फोन करून सांगितले होते, "उद्या दुसरं वाचन तुझं." मुलगा इंग्रजी माध्यमातला. मराठी घरी बोलतो, पण छापील मराठी फक्त चर्चमध्येच बघतो. जोडाक्षराला अडखळला, मागच्या बाकावर कोणीतरी हसले, मग तो जो धावत सुटला तो शेवटपर्यंत. खाली उतरल्यावर मी त्याला दोन उच्चार दुरुस्त करून सांगितले. तो पुन्हा कधी वाचायला आला नाही. तेव्हा मला वाटले, याची तयारी कमी पडली. तयारीला वेळ मीच दिला नव्हता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्यातून मी काढलेला धडा चुकीचा होता. यादी मी पाच जणांवर आणली. खणखणीत आवाज, स्वच्छ उच्चार, सभेची सवय असलेली माणसे. वाचने देखणी झाली, आणि लोक "काय आवाज आहे!" असे म्हणू लागले. वाचलेले काय होते, हे मात्र कोणी बोलत नव्हते. त्यातला एक जण तर संदेष्ट्यांची वाचने नाटकातल्या राजासारखी करी. यशया मागे पडून वाचकच पुढे उभा राही. दोषी तोही नव्हता. मी लोकांना ऐकण्याऐवजी बघायला शिकवत होतो.

डोळे उघडले ते 2020 मध्ये. 31 मे रोजी पेंटेकॉस्ट होता आणि चर्च बंद होते. आमच्या गल्लीतल्या एक वयस्कर मावशी, ज्यांना वाचता येत नाही, फोनवर म्हणाल्या, "आजचं तेवढं वाचून दाखव बाबा." मी प्रेषितांच्या कृत्यांतला दुसरा अध्याय काढला. पार्थी, मेदी, एलामी अशी ती लांब नावांची रांग न अडखळता म्हटली आणि मनातून खूशही झालो. पलीकडून आवाज आला, "एवढी माणसं कुठनं आली? आणि बोलतंय कोण?" फोनवर ना माझा चेहरा होता, ना माईकचा दणदणाट. अर्थ पोहोचला नाही तर लगेच प्रश्न येत होता. त्यांच्यासाठी मी पुन्हा वाचले. आधी शिष्य बोलतात, मग जमलेला लोकसमुदाय बोलतो, म्हणून दोघांच्या मध्ये थांबलो. नावांच्या रांगेआधी श्वास घेतला, ती सावकाश म्हटली, आणि शेवटी ते सगळे आपापल्या भाषेत ऐकत आहेत या शब्दांवर आवाज खाली न पाडता आलो. "हां, आता कळालं बघ," मावशी म्हणाल्या.

पीठावरून उतरल्यावर आपल्याला असे कोणी विचारत नाही. मिस्सेत हात वर करून "कोण?" म्हणायची सोय नसते. म्हणून तो प्रश्न बुधवारी घरीच विचारून घ्यावा लागतो.

2021 साली इफिसकरांचा उतारा पुन्हा आला. या वेळी एका नव्या बाईंना मी आठवडाभर आधी सांगितले. त्यांनी पेन्सिलीने फक्त क्रियापदांखाली रेघ मारली: देवाने निवडले, आपलेसे केले, क्षमा केली, आपले रहस्य कळवले, शिक्का मारला. मग घरात पाठमोऱ्या बसलेल्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाईंनी "त्याच्यामध्ये म्हणजे कोणामध्ये?" असे विचारले तिथे शब्द बदलायचा नव्हता, तो आपला अधिकार नाही. त्याआधीच्या ख्रिस्ताच्या नावावर थोडे थांबायचे, म्हणजे पुढचे "त्याच्यामध्ये" कानाला आपोआप जोडले जाते. रविवारी मास्कमधून, साध्या घरगुती आवाजात त्यांनी वाचले. दोन ठिकाणी उच्चार चुकले. बाहेर पडताना मी मावशींना विचारले, "पौलाने आज काय सांगितलं?" त्या म्हणाल्या, "आपण जन्मायच्या आधीच देवानं आपल्याला निवडलंय." दहा वर्षांत मी कोणत्याही वाचनाची याहून चांगली परीक्षा घेतलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. मिस्सा सुरू होताना सॅक्रिस्टीच्या दारात "तू वाच रे आज" असे सांगण्याची आपली पद्धत बंद व्हावी. वाचन म्हणजे पाहुण्याला दिलेला मान नव्हे, किंवा यादीतली रिकामी जागा भरणेही नव्हे. सणाच्या दिवशी वर्गणीदाराला पीठावर बोलावणे मला तर अजिबात पटत नाही. वाचकाला पूर्ण आठवडा मिळावा, आणि नव्या वाचकाबरोबर एक जुना असावा. जुन्याने उच्चार सुधारण्याआधी एकच विचारावे, "यात कोण काय करतंय?"

यावर कोणी म्हणेल की छापील मिसलेट हातात असताना एवढे कशाला? पण आमच्या सीमाभागात पोरे कन्नड किंवा इंग्रजीतून शिकतात आणि म्हाताऱ्यांचे डोळे गेलेले असतात. त्यांच्यापुरता देवशब्द जो पीठावरून ऐकू येतो तेवढाच.

लूकच्या वर्षी जानेवारीत नहेम्याच्या आठव्या अध्यायातले वाचन येते. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो, अर्थ कळेल असे स्पष्ट वाचले जाते, आणि लोक रडू लागतात. एज्राचा आवाज कसा होता याबद्दल तिथे एक अक्षर नाही. ही गोष्ट चारदा ऐकल्यावर माझ्या लक्षात आली.

2018 च्या त्या तरुणाला मी मागच्या महिन्यात भेटलो आणि माफी मागितली. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारचे पहिले वाचन त्याला दिले आहे. उतारा यशयाचा आहे, आणि हातात अजून तीन आठवडे आहेत.