विश्लेषण : राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शाळेतून काढता येते का?

‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हे वाक्य शाळेच्या फळ्यावर हमखास दिसते. मात्र, राज्यघटनेत हक्क आणि कर्तव्ये यांचे नाते असे नाही. ते समजून घेण्यासाठी केरळमधल्या एका शाळेचा खटला उपयोगी पडतो.

नेमके काय घडले?

कोट्टायम जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडे होती. कुटुंब ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाचे. प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत सुरू झाले की ती इतरांसोबत उभी राहत. पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. अनेक वर्षे कोणी हरकत घेतली नाही. मग एका आमदाराच्या हे लक्षात आले, विधानसभेत प्रश्न विचारला गेला आणि चौकशी झाली. मुलांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. तरीही शिक्षण खात्याच्या सूचनेवरून जुलै १९८५ मध्ये तिघांना शाळेतून काढण्यात आले.

न्यायालय काय म्हणाले?

केरळ उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. राष्ट्रगीताच्या शब्दांत कोणाच्या धर्माला दुखावणारे काही नाही, असे त्याचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ११ ऑगस्ट १९८६ रोजी ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. श्रद्धा आपल्याला पटते का, हा प्रश्न नाही. ती प्रामाणिक आहे का, एवढेच पाहायचे, असे न्यायालयाने सांगितले.

राष्ट्रगीताचा आदर करणे हे अनुच्छेद ५१क मधले मूलभूत कर्तव्य आहे. मुले आदराने उभी होती, म्हणजे ते कर्तव्य पाळले गेले होते. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. होती ती शिक्षण खात्याची परिपत्रके. अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मर्यादा घालायची तर कायदा लागतो, परिपत्रक पुरत नाही. भाषणाच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो, असा या निकालाचा अर्थ.

मग गोंधळ घातला तरी चालेल?

नाही. समजा, एखादा विद्यार्थी राष्ट्रगीत सुरू असताना मुद्दाम आरडाओरडा करतो. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार, राष्ट्रगीत मुद्दाम अडवणे किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. इथे शिक्षेचा आधार तो कायदा आहे, केवळ कर्तव्याचा उल्लेख नव्हे.

मूलभूत कर्तव्ये मूळ घटनेत नव्हती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा आणि २००२ मध्ये अकरावे कर्तव्य आले. ती मोडल्यास काय शिक्षा, हे घटनेत कुठेच लिहिलेले नाही. हक्क मोडला तर मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

बाक मोडला तर?

सातवीतल्या मुलाने वर्गातला बाक मोडला, असे समजू. सार्वजनिक मालमत्ता जपणे हे कर्तव्य त्याने मोडले. शाळा त्याला समज देऊ शकते, पालकांना बोलावू शकते. पण छडी मारता येणार नाही आणि नावही काढून टाकता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यासही मनाई आहे. मुलाचे कर्तव्य चुकले म्हणून त्याचा हक्क संपत नाही.

सफाईची पाळी कोणाची?

वर्ग झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने सगळ्यांना आली, तर त्यात गैर काही नाही. पण दर वेळी ठरावीक जातीच्याच मुलांना झाडू दिला, तर ते श्रमसंस्कार राहत नाहीत. तो अनुच्छेद १५ मधल्या समानतेचा भंग ठरतो आणि अस्पृश्यता संपवणाऱ्या अनुच्छेद १७ पर्यंत प्रकरण जाते. अस्पृश्यता पाळणारा सरकारी असो वा खासगी, कोणालाही या अनुच्छेदातून सुटका नाही.

म्हणून ‘तू कर्तव्य पाळले नाहीस’ असे सांगून शिक्षा दिली जाते, तेव्हा दोन प्रश्न विचारायला हवेत. कर्तव्य खरोखरच मोडले गेले का? आणि ही शिक्षा कोणत्या कायद्याने दिली? १९८५ मध्ये त्या तीन मुलांच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. ते विचारले जाईपर्यंत त्यांचे शाळेचे एक वर्ष मात्र गेले.