उसना आवाज आणि मराठीचा उच्चार

जाहिरातीतील आवाजाला आजवर एक माणूस लागत असे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले, तेव्हापासून मराठी जाहिरातीचा मजकूर बहुधा दुसऱ्या भाषेतून उतरविलेला असला, तरी तो ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून वाचणारा निवेदक मराठीच असे. लिहून आलेले वाक्य जिभेवर अडखळले की तो थांबे, एखादा शब्द फिरवून घेई, क्वचित ‘असे मराठीत कोणी म्हणत नाही’ असे सांगून वाचण्यास नकारही देई. या कामाचा वेगळा मोबदला त्याला मिळत नसे आणि त्याचे नावही कोठे येत नसे. परंतु मजकूर श्रोत्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीचा शेवटचा संपादक तोच होता.

यंत्राने घडविलेल्या किंवा एखाद्या व्यक्तीच्या आवाजाची नक्कल करून तयार केलेल्या आवाजाचा विचार करताना संमती, प्रकटन आणि उच्चार असे तीन प्रश्न वेगवेगळे मांडण्याची पद्धत आहे. पहिला वकिलांचा, दुसरा शासनाचा आणि तिसरा भाषाशास्त्रज्ञांचा, अशी त्यांची वाटणीही होऊन गेलेली दिसते. वस्तुतः हे तिन्ही प्रश्न एकाच घटनेतून निर्माण झाले आहेत, आणि ती घटना म्हणजे ध्वनिक्षेपकासमोरचा माणूस नाहीसा होणे. प्रत्यक्ष वाचणारा निवेदक प्रत्येक वाक्याला, ते उच्चारूनच, संमती देत असतो. आवाजाची प्रतिकृती एकदा तयार झाली, की ही वाक्यागणिक संमती एका स्वाक्षरीत गोठते. पुढे त्या आवाजाकडून काय वदवून घेतले जाईल आणि ते कोणत्या उच्चारात, यावर त्याच्या धन्याचा काहीही ताबा उरत नाही.

ही प्रतिकृती आता किती सहज होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वीच्या पद्धतीत एका व्यक्तीचे अनेक तासांचे ध्वनिमुद्रण करून त्याचे तुकडे जोडावे लागत. इतके श्रम त्या व्यक्तीच्या नकळत होणे कठीणच होते. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत मात्र केवळ तीन सेकंदांचा नमुना पुरेसा ठरला. श्रमांची जी भिंत आपोआप संमतीचे रक्षण करीत होती, ती अशा रीतीने पडली आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. गायक अरिजित सिंह यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेश देऊन त्यांच्या आवाजाची विनासंमती नक्कल करण्यास मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाकडून तशाच स्वरूपाचे संरक्षण मिळाले. परंतु या आदेशांचा आधार व्यक्तिमत्त्वाचे हक्क हा आहे, आणि ते हक्क ख्यातीवर उभे आहेत. ज्याचा आवाज लाखो लोक ओळखतात पण ज्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही, असा निवेदक या छत्राखाली कितपत येतो, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याच्यासाठी दुसरा आधार शोधावा, तर तो भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ३८ ख मध्ये सापडेल असे प्रथमदर्शनी वाटते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम सादरकर्त्या कलावंताला नैतिक हक्क देते. आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाध आणणारी मोडतोड किंवा विकृती झाल्यास तो तिला प्रतिबंध करू शकतो. अडचण व्याख्येत आहे. ‘सादरीकरण’ म्हणजे कलावंताने प्रत्यक्ष, जिवंतपणे केलेले दृक् वा श्राव्य सादरीकरण, असे कायदा मानतो. यंत्राने निवेदकाच्या आवाजात उच्चारलेले वाक्य निवेदकाने सादर केलेलेच नसते. जे सादरच झाले नाही, त्याची विकृती झाली असे कसे म्हणावे? कायद्याच्या या भाषेत तो आवाज निवेदकाचा असूनही ते वाक्य कोणाचेच नसते.

म्हणून सामान्य निवेदकाचे रक्षण आज करारपत्रावर अवलंबून आहे. ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ अशा एका ओळीने ते संपुष्टात येते. न्यूयॉर्कमधील पॉल लेहरमन आणि लिनिया सेज या दोन आवाज-कलावंतांचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मर्यादित उपयोगासाठी म्हणून घेतलेले आपले ध्वनिमुद्रण लोव्हो या कंपनीने कृत्रिम आवाज घडवून विकण्यासाठी वापरले, अशी त्यांची तक्रार होती. जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांचे काही दावे फेटाळले. करारभंगाचा दावा आणि त्या राज्याच्या नागरी हक्क कायद्याखालचा दावा मात्र पुढे चालू दिला. उपयोगाची मर्यादा लेखी ठरलेली असेल तर निदान भांडण्यास जागा उरते, एवढा बोध यातून निश्चितच घेता येतो.

मर्यादित संमती म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीच्या जाहिरातीत शाहरुख खान यांच्या संमतीने त्यांचा चेहरा व आवाज यंत्राने घडवून, गावोगावच्या छोट्या दुकानांची नावे त्यांच्या तोंडी घालण्याची सोय करण्यात आली होती. जाहिरातीचा सांगाडा कायम होता आणि रिकामी जागा फक्त दुकानाच्या नावाची होती. संमती दिलेल्याला आपण कशाला होकार देत आहो, हे त्यामुळे कळण्यासारखे होते. रिकामी जागा जसजशी मोठी होत जाते, तसतसा होकाराचा अर्थ पातळ होत जातो. संपूर्ण मजकूरच रिकामी जागा झाला आणि भाषाही बदलली, म्हणजे होकार हा शब्द केवळ सौजन्याने वापरावा लागतो.

भाषा बदलण्याचा मुद्दा इथेच येतो. एका हिंदी निवेदकाच्या आवाजाची प्रतिकृती करून त्याच आवाजात मराठी जाहिरात वाचवून घ्यायची आहे, असे समजू या. मजकूर उदाहरणादाखल असा घ्यावा : ‘घरच्या चवीचा मसाला, पाच मिनिटांत जेवण तयार, किंमत केवळ ३९ रुपये.’ या एका ओळीत ‘च’ हे अक्षर चार वेळा आले आहे. ‘घरच्या’ मध्ये पुढे ‘य’ असल्याने ते तालव्य आहे. ‘चवीचा’ मधील दोन्ही आणि ‘पाच’ मधील ‘च’ दंततालव्य आहेत. मराठी माणूस हा भेद लेखनात पाहून करीत नाही, कारण लेखनात तो नसतोच. तो कानाने शिकलेला असतो. हिंदीत देवनागरी ‘च’ चा उच्चार एकच, तालव्य. मराठी ध्वनिमुद्रणाची शिदोरी अपुरी आणि लिपी मात्र सामाईक, अशा स्थितीत यंत्र हिंदीचे अक्षरमूल्य मराठी ओळीवर लादते आणि चारही ‘च’ एकाच साच्यातून काढते. ‘मिनिटांत’ मधला अनुस्वार प्रमाण मराठी बोलण्यात उच्चारला जात नाही. यंत्र तेथे स्पष्ट ‘न्’ घालते. ‘३९’ पाहिल्यावर ‘एकोणचाळीस’ ऐवजी ‘उनतालीस’ म्हणण्याचा धोका असतोच.

या दोषांमुळे केवळ कान दुखावतो असे नाही, अर्थही बदलतो. ‘मनासारखे जग’ ही ओळ घ्यावी. ‘ज’ तालव्य उच्चारला तर ‘मनाजोगे विश्व’, आणि दंततालव्य उच्चारला तर ‘मनाप्रमाणे जीवन जग’ असा उपदेश. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे निवेदक विचारून घेईल. यंत्र विचारत नाही. ‘वेळ’ चा ‘वेल’ झाला तर काळाची वनस्पती होते. ‘माझा’ आणि ‘माझी’ या एकाच सर्वनामाच्या रूपांत पुढील स्वरानुसार ‘झ’ बदलतो. ‘ज्ञान’ चे ‘ग्यान’ आणि ‘कृपया’ चे ‘क्रिपया’ झाले की वाचणारा मराठी नाही हे उघडच होते. तयार ध्वनिफीत तपासण्यास असे सहा-सात शब्द पुरेसे असतात. मजकूर यंत्रास देण्यापूर्वी दंततालव्य अक्षराखाली नुक्ता देणे आणि आकडे अक्षरांत लिहिणे हे उपाय काही यंत्रांत लागू पडतात, काहींत नुक्ता दुर्लक्षिला जातो. म्हणून अखेरीस ऐकणारा मराठी कान चुकत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. शुद्ध उच्चाराचा हा आग्रह म्हणजे पुणेरी प्रमाणभाषेचाच आग्रह नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. परंतु वऱ्हाडीत ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो, तेव्हा त्या ‘य’ मागे बोलणारा समाज आणि उच्चाराचा नियम असतो. तंजावरची किंवा इंदूरची मराठी पुण्याहून वेगळी असली, तरी ती कोणाची तरी मातृभाषा आहे. यंत्राच्या ‘वेल’ मागे असा कोणताही समाज नाही. बोलीभेद आणि यंत्रदोष यांतील हा फरक विसरला, तर यंत्रदोषालाच नवी बोली म्हणण्याची पाळी येईल. उलट बोलीतील जाहिरात करावयाची असेल, तर त्या बोलीचा माणूस अधिकच आवश्यक ठरतो.

राहिला प्रकटनाचा प्रश्न. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने मांडलेल्या मसुद्यात कृत्रिम श्राव्य मजकुराच्या पहिल्या दहा टक्के काळात तशी सूचना असावी, असे सुचविले होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये अमलात आलेल्या नियमांत हे प्रमाण गाळले गेले, आरंभी स्पष्ट सूचना देण्याचे तत्त्व राहिले. हे नियम महाजालावरील मध्यस्थ माध्यमांना उद्देशून आहेत. तीस सेकंदांच्या जाहिरातीचा दहावा हिस्सा म्हणजे तीन सेकंद. ‘हा आवाज यंत्रनिर्मित आहे’ हे मराठी वाक्य साधारण दोन सेकंदांत सहज म्हणता येते. तेव्हा वेळ नाही, ही सबब टिकणारी नाही. मात्र ही सूचना जाहिरातीच्याच भाषेत असली पाहिजे. मराठी जाहिरातीला इंग्रजी सूचना जोडणे म्हणजे श्रोत्याला न सांगण्याचा सभ्य प्रकार होय. शिवाय ‘यंत्रनिर्मित’ या शब्दाने आवाज कोणाच्या संमतीने घेतला, हे कळत नाही. ‘निवेदकाच्या संमतीने यंत्राने घडविलेला आवाज’ ही सूचना किंचित लांब असली, तरी ती अधिक प्रामाणिक आहे.

तात्पर्य, संमतीपत्रात आवाजाबरोबर भाषा, जाहिरात आणि मुदत यांचा उल्लेख असावा. तयार झालेली प्रत्येक ध्वनिफीत प्रसारणापूर्वी आवाजाच्या धन्याने ऐकून मान्य करावी, आणि त्याला ती भाषा येत नसेल तर ती भाषा जाणणाऱ्याने, मोबदला घेऊन व नावानिशी, तपासावी. विविध भारतीच्या काळात निवेदक जे काम विनामूल्य आणि निनावी करीत होता, तेच हे काम आहे. यंत्राने त्याचा आवाज उसना घेतला असेल, तर त्याचा नकाराधिकारही त्याच्याबरोबर घ्यावा लागेल.