जास्त व्याज, कमी दिरहम

आखाती देशांत व्यापार करणारे आपले बांधव हिंदुस्थानात पैसे ठेवताना सर्वप्रथम व्याजाचा दर विचारतात. व्याज घ्यावे की नाही, हा मसला उलेमांचा आहे. मात्र जे ठेवतात त्यांच्यापुढे तोटा-नफ्याचा हिशेब तरी नीट मांडला गेला पाहिजे.

दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या भावाने बांधलेला आहे. रुपया तसा बांधलेला नाही. त्यामुळे ज्याचा माल, भाडे आणि पगार दिरहममध्ये जातो, त्याच्यासाठी रुपया हेच परके चलन होय.

डिसेंबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनआरई ठेवींचे व्याजदर ठरवण्याची मोकळीक बँकांना दिली आणि हे दर ९ टक्क्यांच्या आसपास गेले. समजा, दुबईतील एका कापड दुकानदाराने ऑगस्ट २०१२ मध्ये १०,००० दिरहम वर्षभरासाठी अशा खात्यात ठेवले. तेव्हा दिरहमचा भाव सुमारे १५ रुपये होता. म्हणजे मुद्दल १,५०,००० आणि वर्षाअखेर ९ टक्क्यांनी १,६३,५०० रुपये झाले. तीच रक्कम दुबईत २ टक्क्यांनी ठेवली असती, तर १०,२०० दिरहम झाले असते.

परंतु मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदी कमी करण्याचे संकेत दिले आणि परकी भांडवल बाहेर पडू लागले. २८ ऑगस्ट २०१३ रोजी डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला, म्हणजे दिरहम साधारण साडेअठरा रुपये. त्या भावाने १,६३,५०० रुपयांचे दिरहम होतात फक्त ८,८३८! व्याज तर गेलेच, मुद्दलातूनही हजारावर दिरहम गेले. वर्षअखेरीस रुपया सावरून डॉलर ६२ च्या आसपास आला, तरीही हातात ९,७०० च आले असते.

यावर एक सोपा ताळा आहे. मुदतीअखेर मिळणाऱ्या रुपयांना घरच्या ठेवीतून मिळणाऱ्या दिरहमांनी भागावे. इथे १,६३,५०० भागिले १०,२०० म्हणजे १६ रुपये ३ पैसे. दिरहम यापुढे गेला की तोटा सुरू. १५ पासून १६ पर्यंतचे अंतर अवघे सात टक्के आहे, आणि पैसे बदलताना दोन्ही वेळा जाणारी दलाली ते आणखी कमी करते.

ज्याला तो पैसा मालेगावात किंवा रत्नागिरीत घर बांधण्यासाठी खर्चायचा आहे, त्याला हा हिशेब लागू नाही. त्याचा खर्चच रुपयांत आहे. पण ज्याला तोच पैसा पुन्हा देराच्या बाजारात मालासाठी लागणार आहे, त्याने वरचे सात टक्के हा नफा समजू नये. रुपया घसरण्याची जोखीम अंगावर घेतल्याचा तो मोबदला आहे, आणि २०१३ साली तो अपुरा पडला. माझ्या मते मालाच्या खरेदीचे पैसे ज्या चलनात माल घ्यायचा, त्याच चलनात ठेवावेत.